खंडाळ्यात अडलेली स्कूटर

रहिमतपुरात बनुबाई घाडग्यांची भाकरी खाल्ली नाही असा माणूस सापडणं अवघड. ज्वारीची, हातावर थापलेली, कडेपर्यंत सारखी, आणि मध्ये असा टम्म फुगा की ताटात आल्यावर बघणाऱ्याला वाटावं, ही आता उडून जाईल. त्यांचे यजमान जोतीराम फौजेतून हवालदार होऊन घरी आले तेव्हापासून बनुबाई भाकऱ्या विकतात. जोतीराम एका पतसंस्थेच्या दारात खुर्ची टाकून बसतात, पण बसतात ते ताठ. त्यांना वाकून बसलेलं कुणी पाहिलेलं नाही.

तर यंदा बनुबाईंच्या भाकरीचं नशीब फळफळलं. कोरेगावच्या रस्त्यावर एक कारखाना आहे, तिथली मेस चालवणारे उदयसिंह एकदा त्यांच्या ओसरीवर जेवून गेले आणि तिथंच म्हणाले, "मावशी, आताचं कंत्राट दोन म्हैन्यांनी सपतंय, त्या सोमवारपासनं रोज साठ भाकरी द्या. पन गरम पायजेत. गार भाकरी माझी पोरं ताटात ठेवून उठत्यात."

अडचण एवढीच, की एसटी एक फार लवकर जायची आणि दुसरी जेवणाची सुट्टी संपल्यावर. म्हणजे भाकरी पोचणार, पण एक तर गार नाही तर उशिरा. उदयसिंहांनी त्या सोमवारपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं होतं. नाहीतर कोरेगावची एक बाई तयारच होती.

"गाडी घेऊ," बनुबाई म्हणाल्या.

"माझी ड्यूटी दिवसभर. कोन चालवनार?" जोतीरामांनी विचारलं.

"मी."

जोतीराम हसले नाहीत. फौजेत माणूस न हसता ऐकायला शिकतो. पण शेजारची शिवांजली हसली. ती ब्लाऊज शिवायची, तोंडात टाचण्या होत्या, त्या सगळ्या मांडीवर सांडल्या. हसून झाल्यावर तिनंच आपली गाडी बाहेर काढली आणि बनुबाईंना हायस्कूलच्या मैदानावर नेलं.

ते शिक्षण रहिमतपूरनं फुकट पाहिलं. पहिल्या दिवशी बनुबाई ब्रेकऐवजी तोंडानं "थांब थांब" म्हणत होत्या, बैलाला म्हणावं तसं. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात मेथीच्या ढिगात गेल्या. माळीणबाई ओरडायला उठली आणि बनुबाईंचा चेहरा पाहून तिनंच एक जुडी वर उचलून दिली, म्हणाली, "घे बाई, शकून झाला." शेवटी सातारला जाऊन त्यांनी परीक्षाही दिली. आठाच्या आकड्यात पाय टेकला नाही. पक्कं लायसन हातात आलं तेव्हा जोतीरामांनी घरात त्यांना कडक सॅल्यूट ठोकला. बनुबाई लाजून चुलीमागं गेल्या.

आता उरली होती गाडी, आणि सोमवार तीन दिवसांवर आला होता. नवी परवडत नव्हती. भिशीचा नंबर लागला होता, त्या पैशांत जुनी चांगली बसली असती. शिवांजलीनं फोनवर जुन्या वस्तूंचं ॲप उघडलं आणि दोघी सुनेसाठी स्थळं बघावीत तशा स्कूटरी बघू लागल्या. ही काळीसावळी, ही खर्चिक, हिचा आरसाच मोडलेला. आणि मग ती दिसली. पांढरी, डाग नाही, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. किंमत बावीस हजार. खाली लिहिलं होतं, 'फौजी. आसामला बदली. तातडीनं विकणे.'

"एवढी स्वस्त?" शिवांजली म्हणाली.

"बदलीचा माल स्वस्तच असतोय," बनुबाईंनी अनुभवानं सांगितलं. "आमी अंबाल्यास्नं निघालो तवा मी नवा कोरा कूलर नुसत्या चहाच्या कपबशांवर दिला हुता."

फोन लावला तर पलीकडचा माणूस गोड बोलणारा. हिंदीत. गाडी पुण्याच्या कॅम्पात आहे, साध्या माणसांना आत सोडत नाहीत, म्हणून बघायला येऊ नका. लष्कराच्या ट्रकमधून घरी पाठवतो, चालवून बघा, पसंत पडली तर पैसे द्या, नाहीतर परत पाठवा. फक्त गाडी पाठवण्याचे एकवीसशे पन्नास आधी भरा, ते किमतीतून वजा होतील. पाठोपाठ त्यानं ओळखपत्राचा फोटो पाठवला, कँटीनच्या कार्डाचाही.

जोतीरामांनी चष्मा लावून कार्ड पाहिलं आणि फोन हातात घेतला. "जय हिंद. कौनसी पलटन?"

"जय हिंद सर! सर, सिक्युरिटी का मामला है, फोन पे नहीं बता सकता."

जोतीरामांचा चेहरा उजळला. फोनवर हात ठेवून ते बायकोला म्हणाले, "बघ! शिस्त! मलासुद्धा सांगितलं न्हाई!"

शिवांजलीच्या मनात काही तरी आलं होतं, पण ज्या घरात फौजेची शपथ देवाच्या आधी घेतात तिथं ती काय बोलणार? आणि बनुबाईंना तर यात वावगं काहीच दिसत नव्हतं. त्यांच्या गावी म्हैस घेताना विसार देतात, रान घेताना विसार देतात. सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून थोडे पैसे आधी हातावर ठेवायचे. हा माणूस त्यालाच ॲडव्हान्स म्हणत असेल. त्यांनी देवापुढं साखर ठेवली, त्या माणसानं पाठवलेला क्यूआरचा चौकोन स्कॅन केला आणि एकवीसशे पन्नास पाठवून दिले.

थोड्याच वेळात फोटो आला. खोक्याच्या पुठ्ठ्यात बांधलेली गाडी, आणि तिच्यावर हिरव्या शिक्क्याची छापील चिठ्ठी : बनुबाई घाडगे, रहिमतपूर. बनुबाईंनी तो फोटो गल्लीत घरोघर दाखवला. नाव छापून आलं होतं, आणि तेही हिरव्या शिक्क्याशेजारी!

शनिवारी सकाळी बनुबाईंनी गाडीसाठी तोरण केलं, नारळ आणला, लिंबू-मिरची ओवली. दारात रांगोळी काढत असतानाच फोन वाजला. हा नवा आवाज होता, जाडा, घाईतला.

"मैडमजी, आर्मी ट्रान्सपोर्ट से हवालदार बोल रहा हूँ. आपकी गाड़ी लेके निकला हूँ. खंडाला में खड़ा हूँ. गेट पास और इन्शुरन्स का साढ़े सात हजार डालिए, गाड़ी मिलते ही पूरा रिफंड. आधे घंटे में नहीं डाला तो गाड़ी वापस."

त्या सगळ्या वाक्यातलं बनुबाईंच्या कानानं एकच धरलं. खंडाळा.

खंडाळा त्यांचं माहेर. पुण्याहून साताऱ्याला येताना घाटाच्या अलीकडं हमरस्त्यावर जे खंडाळा लागतं, तिथं त्यांचा भाऊ कोंडीबा राहत होता, रस्त्याला लागून त्याचा ऊस होता. बनुबाईंची गाडी घेऊन एक जवान त्यांच्या माहेराच्या दारात उभा होता आणि अजून त्याला कुणी पाणी विचारलं नव्हतं! लाजेनं त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या. अंबाल्याच्या क्वार्टरमध्ये शिकलेलं हिंदी त्यांनी चुलीवरच्या तव्यासारखं पुन्हा तापवलं. "भाऊ, तुम जेवे क्या?"

"क्या?"

"खाना. खाना खाया क्या?"

"मैडम, वो छोड़िए, पेमेंट..."

"छोड़िए कैसा? भुका मानुस गाडी चलायेगा? पैसा किधर भागता है? मेरा भाई उधरच रहता. तुम हिलना नही. मैं भाकरी भेजती."

आणि फोन ठेवून त्यांनी कोंडीबाला लावला.

"कोंडीबा, आरं माझी गाडी घेऊन एक फौजी तुझ्या गावात उभा हाय, सकाळधरनं उपाशी. वैनीला पिठलं टाकाय सांग. ठेचा दे, कांदा दे. आन त्याला जेवल्याबिगर सोडू नगंस, कळलं?"

"आक्का, ट्रक कसला हाय?"

"मिलिटरीचा म्हनल्यावर हिरवाच असंल की!"

कोंडीबा हा बहिणीच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस. बायकोनं डबा भरेपर्यंत तो चप्पल घालून उभा राहिला आणि मग हातात पितळी डबा, काखेत पाण्याची बाटली घेऊन हमरस्त्यावर गेला. दिसेल त्या हिरव्या ट्रकला त्यानं हात केला. पहिला निघाला कोबीचा. दुसऱ्यात म्हशी होत्या. तिसऱ्याच्या ड्रायव्हरला त्यानं "जय हिंद" म्हटलं, तर तो बिचारा घाबरून कागदपत्रं काढू लागला.

इकडं जाड्या आवाजाचा फोन पुन्हा आला. "मैडम, पैसा?"

"आधी जेवन. भाई रोड पे डब्बा लेके खडा है. तुम किधर है? तुम्हारे सामने क्या दिखता?"

फोनमध्ये मागं कुणी तरी कुजबुजल्याचा आवाज. मग हवालदार म्हणाला, "सामने... घाट है. ठंडा मौसम है. बादल हैं. चिक्की की दुकानें हैं."

बनुबाईंनी ते शब्दन् शब्द कोंडीबाला कळवलं. कोंडीबानं भर उन्हात, कपाळावरचा घाम पुसत, आपल्या गावाकडं चारी बाजूंनी नजर टाकली.

"आक्का, ढग? हितं डांबर वितळाय लागलंय. आन चिक्की? आपल्या खंडाळ्यात चिक्की कवापासनं विकत्यात? आपल्याकडं फार तर जत्रेतली गुडीशेव." मग त्याला एकदम उमगलं आणि तो रस्त्यावरच ओरडला, "आक्का! आगं त्यो दुसऱ्या खंडाळ्यात हाय! लोणावळ्याच्या! तुजी गाडी मुंबैला चाललीया!"

खरं तर इथं कुणालाही कळायला हवं होतं. फसवणाऱ्यानं नकाशात खंडाळा शोधलं असणार आणि जे नामांकित ते उचललं असणार. पुण्याहून साताऱ्याला निघालेला ट्रक मुंबईच्या घाटात चिक्की बघत उभा राहील कसा? पण बनुबाईंचं मन फार सरळ.

"वाट चुकला गं लेकरू," त्या शिवांजलीला म्हणाल्या. "नवीन असंल. आता परत कसा येनार?"

आणि त्यांनी स्वतःहून फोन लावला. "भाऊ, तुम गलत खंडाला में गया! उलटा फिरो! पुना आव, कात्रज का बोगदा पकडो, सीधा नीचे उतरो, शिरवळ आयेगा, उसके बाद मेरा भाई आयेगा. डब्बा हाथ में है. पिठला है."

पलीकडचा माणूस एवढा गोंधळला, की काही क्षण तो खरोखर वाट चुकल्यासारखा बोलू लागला. "कात्रज... अच्छा. शिरवल. ठीक है. तो मैडम, उलटा आने का डिझेल का चार हजार और डालिए. टोटल साढ़े ग्यारह. वो भी रिफंड है."

पतसंस्थेला शनिवारी अर्धा दिवस असतो. जोतीराम नेमके तेव्हाच उंबऱ्यात आले होते आणि फोनचा आवाज मोठा होता. फौजेचं नाव ऐकून कालपासून झोपलेली त्यांची शंका 'डिझेल' या शब्दावर खाडकन जागी झाली. त्यांनी टोपी काढली नाही. तशीच पावलं पुढं टाकली आणि हात पुढं केला. बनुबाईंनी फोन दिला.

"बेटा," जोतीराम शांतपणे म्हणाले, "मैं हवालदार जोतीराम घाडगे. बाईस साल सर्व्हिस. फौज की गाड़ी में सिव्हिल का माल कब से जाने लगा? और डिझेल का पैसा पब्लिक से? तेरा कॉन्वॉय कमांडर कौन है, नाम बोल."

पलीकडून नाव आलं नाही. एक घाणेरडी शिवी आली आणि फोन बंद झाला.

रांगोळी अर्धीच राहिली होती. शिवांजलीनं हळूच दोन्ही फोटो शेजारी-शेजारी धरून दाखवले. जाहिरातीतल्या गाडीच्या पाटीवर एक नंबर, पुठ्ठ्यातल्या गाडीवर दुसराच. कार्डावरचा फोटोही कुणा भल्या जवानाचा चोरलेला असणार.

"मला काल वाटलंवतं," ती म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?"

"काका एवढे खूश हुते..."

जोतीराम खुर्चीत बसले. आणि बनुबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना वाकून बसलेलं पाहिलं. एकवीसशे पन्नास गेले याचं त्यांना एवढं नव्हतं. "जय हिंद म्हनला गं त्यो मला," ते म्हणाले. "त्या शब्दावर मी माझी बायको, माझं घर, सगळं दाराबाहेर ठेवून आलोय आजवर. आन त्यानं त्यो शब्द फोनवर भाजीसारखा इकला."

बनुबाईंना हे सहन झालं नाही. त्या उठल्या, नारळ कोनाड्यात ठेवला आणि म्हणाल्या, "आवं, उठा. फौजी वाकत न्हाई. काय करायचं असतंय आता, ते करू."

करायचं ते शिवांजलीला माहीत होतं. १९३० हा फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर तिनं लावून दिला. जोतीरामांनी सगळं सांगितलं, पैसे कुठल्या खात्यातून, कुठं, कधी गेले ते. बँकेलाही कळवलं, आणि कागद घेऊन पोलीस ठाण्यात जाऊन आले. तिथले फौजदार म्हणाले, "लवकर आलात हे बरं केलं. पुढच्या खात्यात पैसे शिल्लक असतील तर अडकवून ठेवतील. पन लगेच परत येतील म्हनून बसू नका. आन दुसरा हप्ता भरला न्हाई, हे लय शहाणपन केलं तुमच्या मंडळींनी. माणसं आधीचे सोडवायला पुढचे भरत जात्यात."

"शहाणपन कसलं," जोतीराम प्रामाणिकपणे म्हणाले. "ती त्याला आधी जेवाय घालनार हुती."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. मग काय झालं ते ऐकून ठाण्यातली दोन टेबलं एकदम हसली, आणि खंडाळ्याला उन्हात उभ्या असलेल्या कोंडीबाला आता घरी जाऊ द्या, असं फौजदारांनीच सुचवलं. कोंडीबाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "डबा रिकामा झाला आक्का. म्हशीवाल्यानं खाल्ला. चांगला मानूस हुता. नाव लिहून घेतलंय."

पण सोमवार तिथंच होता. मधे फक्त रविवार. संध्याकाळी शिवांजलीनं पुन्हा ॲप उघडलं आणि सांगलीची एक गाडी दाखवली. उमा नावाच्या बाईंची, बँकेत अधिकारी. खाली लिहिलं होतं, 'नागपूरला बदली झाल्यामुळे.'

"बदली!" बनुबाई आणि जोतीराम एकदमच म्हणाले आणि मागं सरकले, जणू फोनमधून इंगळी निघाली.

पण दुसरी गाडी दिसेना. जोतीरामांनी छाती भरून श्वास घेतला आणि फोन लावला. सवय ती सवय. "जय हिंद मॅडम, मी फौजी बोलतोय. तुमची गाडी घ्यायची हाय."

"लाज वाटत नाही?" पलीकडून बाई कडाडल्या. "कालपासून तुम्ही तिसरे फौजी! आता म्हणा, चौकोन पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील! अहो, पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं मला कळतं!" आणि खट्कन फोन बंद.

जोतीराम फोनकडं बघत राहिले. बनुबाईंना आधी वाईट वाटलं. मग त्यांच्या पोटातून जे हसू वर आलं ते त्यांना आवरेना. शिवांजली भिंतीला टेकली. जोतीरामांची मिशी थोडा वेळ लढली, आणि मग तीही हरली.

मग बनुबाईंनी स्वतः फोन केला. "ताई, ठेवू नका. मी भाकरीवाली बनुबाई, रहिमतपूरची. आमी न बघता फोनवर पैशे देनार न्हाई आन घेनारबी न्हाई. उद्या सकाळी सांगलीला येतो. गाडी बघनार, चालवनार, पटली तर तुमच्या घरात बसून पैशे देनार."

"तुम्ही... खरंच येणार?" उमाताईंनी विचारलं. "स्वतः? अंगानं?"

"पायानं येऊ, ताई. आंग त्याच्या मागनं येतंयच."

रविवारी पहाटेची एसटी पकडून कराडमार्गे दोघं सांगलीला पोचले. विश्रामबागेत उमाताईंचं घर सापडलं. दार साखळी लावून उघडलं गेलं. साखळीच्या फटीतून एक डोळा आणि अर्धा चष्मा.

"फौजी तुम्ही का?"

"व्हय."

"कार्ड?"

जोतीरामांनी माजी सैनिकाचं कार्ड फटीतून आत दिलं. डोळा ते वाचू लागला. तेवढ्यात बनुबाई म्हणाल्या, "आन तुमच्या बदलीचा हुकूम?"

डोळा वर आला. "काय?"

"बदली म्हनलाय न्हवं? हुकूम दाखवा. गाडीचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. आन तुमचं आधार."

दार उघडलं. उमाताई पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, चेहरा कॅशिअरचा. त्यांनी हुकूम दाखवला. बनुबाईंनी तो जोतीरामांना दिला, जोतीरामांनी तो उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग तिघं खाली गेले. जोतीरामांनी वाकून चासीचा नंबर बोटानं पुसला आणि आरसीवरच्या नंबराशी एकेक आकडा मोठ्यानं वाचून ताडला. उमाताईही त्यांच्यामागं वाकून तेच ताडत होत्या, स्वतःच्याच गाडीचं. गाडी राखाडी होती, एका कुशीला ओरखडा होता.

"हा ओरखडा फोटोत मुद्दाम दाखवलाय मी," उमाताई म्हणाल्या.

बनुबाईंनी त्या ओरखड्यावर मायेनं हात फिरवला. खोट्या गाडीला एवढासा डाग नव्हता.

आता चालवून बघायची वेळ आली, आणि अडलं. उमाताई काही अनोळखी बाईच्या हाती गाडी देऊन दारात उभ्या राहायला तयार नव्हत्या. "मी मागं बसते," त्या म्हणाल्या.

"आन मी?" जोतीराम.

"तुम्ही इथंच थांबा. तारण म्हणून."

म्हणून हवालदार जोतीराम घाडगे सांगलीत एका पायरीवर तारण म्हणून बसले, ताठ, आणि दोन बायका एका स्कूटरवरून निघाल्या. बनुबाईंनी विश्रामबाग ओलांडलं, रिक्षांच्या गर्दीतून वाट काढली, मार्केट यार्डापाशी हळदीच्या पोत्यांचा पिवळा धुरळा नाकात गेला तशा दोघी एकदमच शिंकल्या. समोरून सिटी बस आली. "ब्रेक! ब्रेक!" उमाताई मागून ओरडल्या.

"दाबलाय की ताई! तुमी माझं पोट दाबू नका!"

पुलाजवळ कृष्णेवरचा वारा लागला तेव्हा उमाताईंची पकड सुटली. मग त्या म्हणाल्या, "अजून एक चक्कर मारू का? ही गाडी घेतल्यापासून मी कधी मागं बसलेच नाही."

दोन चकरा झाल्या. तिसरी उमाताईंनीच मागितली. परत आल्या तेव्हा दोघींचे केस विस्कटले होते आणि पायरीवरचं तारण शेजाऱ्यांशी गप्पा मारत बसलं होतं.

घरात बनुबाईंनी फडक्यातली भाकरी आणि ठेचा काढला. उमाताईंनी पुढं ठेवलेली, कुणी न शिवलेली बिस्किटं बाजूला सरली. उमाताईंनी एक तुकडा मोडला, ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आता ह्या फौजींवर माझा विश्वास बसला."

पैसे त्याच खोलीत, समोरासमोर दिले गेले. उमाताईंच्या फोनवर आल्याचं तिघांनी डोळ्यांनी पाहिलं, पावती झाली, गाडी नावावर करायच्या दोन्ही फॉर्मांवर सह्या झाल्या. सगळं झाल्यावर उमाताईंनी गाडीच्या हँडलला नमस्कार केला आणि एकदम घरात निघून गेल्या. बनुबाईंना कळलं. त्याही अंबाल्याहून निघताना अशाच आत गेल्या होत्या.

हमरस्त्यावर जोतीरामांनी चालवली. रहिमतपूरचा फाटा आला तसे ते न सांगता उतरले आणि मागं बसले. गावात शिरताना चालवणाऱ्या बनुबाई होत्या आणि त्यांच्या मागं मिशी पिळत बसलेले हवालदार. पारावरच्या माणसांनी बोलणं थांबवलं. पहिल्यांदाच त्या गावात फौजी मागच्या सीटवर बसून आला होता, आणि त्याला त्याचा अभिमान वाटत होता हे लांबूनही दिसत होतं.

सोमवारी बनुबाईंनी साठ भाकऱ्या थापल्या. फडक्यात गुंडाळून, डब्यात भरून, डबा पायापाशी ठेवून त्या निघाल्या. दोन्ही बाजूला ऊस, आणि मधून त्या. वाटेत भेटेल त्याला हॉर्न. एका बकरीलाही दोन वेळा.

मेसच्या दारात उदयसिंह उभे होते. त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि तोंड मागं घेतलं. चष्म्यावर वाफ आली होती.

"मावशी! आवं, चटका बसतोय की!"

"मग? गरम म्हनलावता न्हवं?"

आत घंटा झाली, पोरं बाकांवर बसली, आणि साठातली एकही भाकरी ताटात राहिली नाही. उदयसिंह बाहेर आले आणि म्हणाले, "महिनाभर पक्कं. आन उद्यापासनं सत्तर करा. बसा, चहा घेऊन जावा."

"नगं," बनुबाई म्हणाल्या. चहाला नाही म्हणण्याची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. रिकामा डबा त्यांनी पायापाशी ठेवला, पदर खोचला, गाडी सुरू केली. घराकडचा रस्ता डावीकडं होता. त्या क्षणभर थांबल्या, मागंपुढं बघितलं, कुणी ओळखीचं दिसलं नाही, आणि त्यांनी एका जास्तीच्या चकरेसाठी गाडी उजवीकडं घातली.